पाण्याचं उत्तर मधाएवढं येतं तेव्हा: पॉइझुलीच्या प्रयोगात युनिट कुठे निसटतं

पाण्याची विष्यंदिता, म्हणजे आपण जिला व्हिस्कॉसिटी म्हणतो ती, ८२.५ पॉइझ. मागच्या आठवड्यात बी.एस्सी.च्या एका रेकॉर्डमध्ये शेवटच्या ओळीत हे उत्तर नीट चौकट करून लिहिलेलं होतं. मी त्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं, तेच येऊन राहिलं." तिचं खरं होतं. गुणाकार-भागाकारात एकही चूक नव्हती आणि रीडिंगही चांगली घेतलेली होती. पण ८२.५ पॉइझ म्हणजे जवळपास घट्ट मध. पाणी खरंच तेवढं दाट असतं, तर तिच्या केशनळीतून पाच मिनिटांत एक थेंबही पडला नसता, आणि तिच्या मोजपात्रात तर ४२ मिलिलिटर पाणी जमलेलं होतं.

नागपुरात प्रॅक्टिकल घेताना हा प्रकार मला दरवर्षी भेटतो. विद्यार्थी बदलतात, चूक तीच राहते. कारण या प्रयोगात प्रत्येक उपकरण आपल्या वेगळ्या युनिटमध्ये बोलतं. पाण्याच्या पातळीची उंची पट्टीवर सेंटिमीटरमध्ये, नळीचा व्यास बरेच जण मिलिमीटरमध्ये लिहितात, पाणी मिलिलिटरमध्ये आणि स्टॉपवॉच मिनिटांत. त्यात जुन्या रेकॉर्डमधून g = ९८० उतरवलेलं असतं आणि नवीन पुस्तकातलं कोष्टक एस.आय.मध्ये असतं. हे सगळं एका सूत्रात ओतलं की कॅल्क्युलेटर निमूटपणे एक आकडा देतो. तो आकडा कशाचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून विष्यंदितेचा हा एकच प्रयोग घेऊन चूक कशी शोधायची ते सविस्तर लिहिते आहे.

तिचं सूत्र आणि तिची रीडिंग

```
η = π P r⁴ / (8 V l)        P = h ρ g
```

P हा नळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, r नळीची त्रिज्या, l नळीची लांबी आणि V म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी. तिची रीडिंग अशी होती: उंची १२.० सेंमी, नळीचा व्यास १.०० मिमी, लांबी २५.० सेंमी, पाच मिनिटांत ४२.० मिलिलिटर पाणी, पाण्याचं तापमान ३० अंश सेल्सिअस. पाण्याची घनता तिने १ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि g ९८० सेंमी प्रति सेकंद वर्ग घेतलं होतं.

आधी आकडे न घालता सूत्र तपासा

बहुतेक जण मिती तपासताना डावीकडे M L⁻¹ T⁻¹ आणि उजवीकडेही M L⁻¹ T⁻¹ असं पुस्तकातून उतरवतात आणि पुढे जातात. त्याचा काही उपयोग नाही. उजवी बाजू स्वतः उलगडायला हवी, कारण उलगडताना हे सूत्र आतून कसं बांधलंय ते दिसतं.

```
P    : M L⁻¹ T⁻²
r⁴   : L⁴
V    : L³ T⁻¹
l    : L

P r⁴ / (V l) : (M L⁻¹ T⁻²)(L⁴) / (L⁴ T⁻¹) = M L⁻¹ T⁻¹
```

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, लांबी चार वेळा वर येते आणि चार वेळा खाली येते. वरची चारही r मधून, खालची तीन V मधून आणि एक l मधून. ती पूर्ण कटते. उरतो दाब आणि काळ, म्हणजे विष्यंदिता ही दाब गुणिले काळ. तिचं एस.आय. युनिट पास्कल सेकंद असण्याचं कारण हेच. दुसरी, तो काळ सूत्रात फक्त एका जागेवरून येतो: V मधल्या 'दर सेकंदाला' या शब्दांतून.

आता V मध्ये दर सेकंदाचा प्रवाह न घालता जमलेलं सगळं पाणी, ४२ घन सेंमी, घातलं तर काय होईल ते बघा. खालचा T⁻¹ नाहीसा होतो आणि उजवी बाजू M L⁻¹ T⁻² उरते. ही दाबाची मिती आहे. उत्तरापुढे पॉइझ लिहिलेलं असलं तरी तुम्ही मोजलेला आकडा दाबाचा असतो. ही चूक फार होते आणि तिचं मूळ अक्षरात आहे: निरीक्षण तक्त्यात V म्हणजे जमलेलं पाणी आणि सूत्रात V म्हणजे प्रवाह. मी मुलांना प्रवाहासाठी Q वापरायला आणि तक्त्यात त्याचा वेगळा रकाना करायला सांगते. त्या दिवसापासून त्या वर्गात ही चूक जवळपास थांबते.

तसंच P च्या जागी नुसती h घातली जाते, कारण बोलताना आपण "दाब बारा सेंटिमीटर" असं म्हणतो. मिती उलगडली की उजवीकडे L T उरतं. वस्तुमानच नाही. विष्यंदितेत M असायलाच हवा आणि या सूत्रात तो फक्त घनतेतून येतो. त्यामुळे उत्तरात M दिसत नसेल तर ρ राहिलाय हे कॅल्क्युलेटर हातात न घेताही सांगता येतं.

मिती बरोबर, तरी उत्तर मधाचं

तिच्या रेकॉर्डमध्ये यातलं काहीच चुकलेलं नव्हतं. मिती अगदी चोख होत्या. मिलिमीटरही लांबीच आणि सेंटिमीटरही लांबीच, तेव्हा L⁴ ने L⁴ ला कापलं आणि सगळं जुळलं. मिती तपासणं इथे थांबतं. इथून पुढे युनिट तपासावी लागतात आणि त्यासाठी प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं युनिट लिहून ते शेवटपर्यंत ओढत न्यावं लागतं. तिला मी तिचीच किंमत घालण्याची पायरी युनिटसकट पुन्हा लिहायला लावली:

```
P = 12.0 cm × 1 g/cm³ × 980 cm/s² = 11760 dyne/cm²
V = 42.0 cm³ / 300 s = 0.140 cm³/s

η = π × 11760 dyne/cm² × (0.50 mm)⁴
    / (8 × 0.140 cm³/s × 25.0 cm)

  = 82.5 dyne·s/cm² × mm⁴/cm⁴
```

शेवटची ओळ लिहिताना ती स्वतःच थांबली. mm⁴ आणि cm⁴ कटत नाहीत. ०.५० मिमी ही त्रिज्या तिने तशीच घातली होती आणि बाकी सगळं सेंटिमीटरमध्ये होतं. एका मिलिमीटरमध्ये सेंटिमीटरचा दहावा भाग, म्हणून mm⁴/cm⁴ म्हणजे दहाचा उणे चौथा घात. तिला पुन्हा गणित करावं लागलं नाही, ८२.५ ला दहा हजाराने भागलं आणि ०.००८२५ पॉइझ हे उत्तर हाती आलं. ३० अंशाला पाण्याची खरी विष्यंदिता ०.००७९७ पॉइझच्या आसपास असते. म्हणजे तिचा प्रयोग साडेतीन टक्क्यांत होता. इतकं चांगलं काम एका मिलिमीटरमुळे रद्द ठरत होतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

साध्या प्रयोगात मिलिमीटर-सेंटिमीटरची चूक दहापटीची असते आणि डोळ्यांना खटकत नाही. इथे त्रिज्या चौथ्या घातात आहे, म्हणून ती दहा हजारपट होते. म्हणूनच कोणत्याही सूत्रात सर्वांत मोठा घात कोणावर आहे ते आधी पाहायचं आणि त्या राशीचं युनिट सर्वांत आधी बदलून घ्यायचं.

पॉइझ की पास्कल सेकंद

यापुढची चूक शेवटच्या ओळीत होते. सगळं सी.जी.एस.मध्ये केलं, ०.००८२५ आलं, आणि पुढे N·s/m² लिहिलं. पॉइझ हे नाव पॉइझुली या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून पडलं. अरुंद नळ्यांतला प्रवाह त्याने रक्ताभिसरण समजून घेण्यासाठी अभ्यासला होता. एक पॉइझ म्हणजे एक डाइन सेकंद प्रति चौरस सेंमी. एक डाइन म्हणजे न्यूटनचा एक लाखावा भाग आणि एक चौरस सेंमी म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग. दोन्हींचा भागाकार केला की एक पॉइझ म्हणजे पास्कल सेकंदाचा दहावा भाग. तेव्हा ०.००८२५ पॉइझ म्हणजे ०.०००८२५ पास्कल सेकंद. युनिट बदलताना आकडाही बदलतो, हे वहीत एका ओळीत स्पष्ट लिहावं.

खात्री करायची असेल तर सगळी रीडिंग मीटर, किलोग्रॅम, सेकंदात नेऊन गणित दुसऱ्यांदा करा. दाब ११७६ पास्कल, त्रिज्या ०.०००५० मीटर, प्रवाह १.४० × १०⁻⁷ घन मीटर प्रति सेकंद, लांबी ०.२५० मीटर. उत्तर ८.२५ × १०⁻⁴ पास्कल सेकंद. दोन्ही वाटांनी तेच येतं म्हणजे मधे कुठेही युनिटांची सरमिसळ झालेली नाही. एकाच गणिताची बटणं पुन्हा दाबण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी भरवशाची, कारण बटणं पुन्हा दाबली की चुकीचं युनिटही तसंच पुन्हा आत जातं.

किती पटीने चुकलं त्यावरून कुठे चुकलं

रेकॉर्ड तपासताना मी आधी अपेक्षित उत्तराला आलेल्या उत्तराने भागते, किंवा उलट. तो गुणोत्तराचा आकडा बहुतेक वेळा चुकीचं ठिकाण सांगतो.

दहा हजारपट मोठं आलं तर त्रिज्या मिलिमीटरमध्ये राहिली. शंभरपट लहान आलं तर बाकी सगळं सी.जी.एस.मध्ये असताना g मात्र ९.८ घेतलं. दहापट म्हणजे शेवटी पॉइझ आणि पास्कल सेकंद यांची अदलाबदल. साठपट लहान असेल तर वेळ मिनिटांतच राहिली, म्हणजे ४२ ला ५ ने भागलं. इथेही मिती जुळतातच, पण युनिट ओढत नेलं तर उत्तरापुढे डाइन मिनिट प्रति चौरस सेंमी उरतं आणि चूक दिसते. ३०० पट लहान असेल तर प्रवाहाऐवजी सगळं पाणी घातलं, कारण वेळ ३०० सेकंद होती. ९८० पट लहान म्हणजे ρ आणि g दोन्ही गाळून दाबाच्या जागी उंची घातली.

आणि उत्तर सोळापट मोठं, म्हणजे ०.१३२ पॉइझ आलं तर? ही चूक मला सर्वांत जास्त छळते. त्रिज्येच्या जागी व्यास घातला की चौथ्या घातामुळे सोळापट होते, आणि ती मिती तपासूनही सापडत नाही, युनिट तपासूनही सापडत नाही. व्यासही सेंटिमीटरमध्ये आणि त्रिज्याही सेंटिमीटरमध्ये. २, π, ८ या आकड्यांना मिती नसते. त्यामुळे ८ च्या जागी ४ लिहिलं गेलं, π राहिला, व्यासाचा अर्धा करायचा विसरला, यातलं काहीही या तपासणीत पकडलं जाणार नाही. त्यासाठी सोळा, दोन, ३.१४ हे आकडे गुणोत्तरात ओळखता यायला हवेत. तसंच उंची नळीच्या अक्षापासून न मोजता टेबलापासून मोजली असेल, तर युनिट निर्दोष राहतात आणि उत्तर चुकतं. ते मात्र गुणोत्तरावरूनही कळणार नाही. तिथे उपकरणाशी जाऊन पट्टी पुन्हा लावावी लागते.

आलेख आणि त्रुटीचं गणित

उंची बदलून पाच-सहा रीडिंग घेतली असतील आणि आलेख काढला असेल तर उतारालाही युनिट असतं. आडव्या अक्षावर h सेंटिमीटरमध्ये आणि उभ्या अक्षावर प्रवाह घन सेंमी प्रति सेकंदात असेल तर उतार चौरस सेंमी प्रति सेकंद. अनेक रेकॉर्डमध्ये उतार नुसता '०.०११७' असा लिहिलेला असतो. मग सूत्रात V/h च्या जागी तो घालायचा की h/V च्या जागी, हे विद्यार्थ्याला ठरवता येत नाही. युनिट लिहिलेलं असेल तर हा प्रश्न पडतच नाही.

त्रुटीच्या गणितात प्रत्येक पद एकाच प्रकारच्या दोन राशींचं गुणोत्तर असतं, म्हणून त्याला युनिट उरता कामा नये. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लघुत्तम माप ०.००१ सेंमी. व्यास ०.१०० सेंमी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेतले तर १ टक्का, आणि चौथ्या घातामुळे विष्यंदितेत ४ टक्के. कुणी व्यास १.०० मिमी ठेवून लघुत्तम माप सेंटिमीटरमध्ये घातलं, तर तेच पद ०.४ टक्के होतं आणि प्रयोग आहे त्यापेक्षा दहापट अचूक वाटू लागतो. एकदा ४ टक्के कळले की उत्तरात ०.००८२४७ असे अंक लिहिण्यात अर्थ नाही हेही कळतं. ०.००८२ किंवा फार तर ०.००८२५ पुरे.

याच हिशोबात आणखी एका प्रश्नाचं उत्तर आहे, जो हुशार मुलं हमखास विचारतात: g ९.८ घ्यायचं की नागपूरचं? आपल्या अक्षांशाला आणि समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटर उंचीला ते ९.७८६ च्या जवळ येतं. ९.८ शी फरक ०.१४ टक्के. त्रिज्येतून ४ टक्के येत असताना याने काही बिघडत नाही. g चं युनिट मात्र बिघडलं तर शंभरपट बिघडतं.

सगळं जुळलं, तरी वीस टक्के कमी

काही जण हे सगळं नीट करतात आणि मग निष्कर्षात लिहितात, 'प्रमाणित किंमत ०.०१००२ पॉइझ, त्रुटी १७.७ टक्के'. मग त्रुटीची कारणं म्हणून नळीतले बुडबुडे आणि डोळ्यांची चूक वगैरे येतं. इथे युनिटांत दोष नाही. ०.०१००२ ही २० अंशाची किंमत आहे आणि पाणी ३० अंशाचं होतं. ३० अंशाला ०.००७९७, ४० अंशाला ०.००६५३, वीस अंशांत पाण्याची विष्यंदिता एक तृतीयांशाहून जास्त उतरते. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी हात ठेवताच कोमट लागतं, आणि प्रॅक्टिकल परीक्षाही बहुधा त्याच दिवसांच्या आसपास असतात. एप्रिलच्या दुपारी खरोखर बरोबर आलेलं उत्तर २० अंशाच्या कोष्टकाशी ताडलं तर तिसऱ्या हिश्श्याने चुकीचं दिसेल.

म्हणून त्या मुलीच्या रेकॉर्डमध्ये मी शेवटी एवढंच बदलायला सांगितलं: r = ०.०५० सेंमी असा बदल पेनाने करून खाली सही, उत्तर ०.००८२५ पॉइझ म्हणजे ८.२५ × १०⁻⁴ पास्कल सेकंद, आणि त्याच ओळीत 'पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस'. उरलेल्या साडेतीन टक्क्यांबद्दल तिने विचारलं. नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला गती असते आणि दाबाचा थोडा भाग त्या गतीत खर्च होतो. साधं सूत्र तो सगळाच दाब घर्षणाच्या खात्यात धरतं, त्यामुळे विष्यंदिता जरा जास्त येते. तिच्या आकड्यांत पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला १८ सेंटिमीटर निघतो आणि त्याचा वाटा दाबाच्या तीन टक्क्यांच्या आसपास जातो. हा हिशोब तिने तिथेच उभ्या उभ्या युनिटसकट केला. ρ गुणिले वेगाचा वर्ग लिहिल्यावर डाइन प्रति चौरस सेंमी आलं, तेव्हा तो दाबातून वजा करता येईल हे तिने मला सांगितलं.